टर्न-बेस्ड लढाई आवडते, पण चपळाईची परीक्षा नको: कोणते रोल-प्लेइंग गेम निवडावेत?

रेवातीर

नमस्कार. रोल-प्लेइंग गेममध्ये मला सर्वांत जास्त आनंद लढाईची आखणी करण्यात मिळतो. शत्रू अग्नीला घाबरतो की विजेला, जखमी सोबत्याला आता औषध द्यावे की एक पाळी धीर धरून आधी शत्रूचा जोर कमी करावा, अशा प्रश्नांवर मी पाच मिनिटे विचार करत बसले तरी मला कंटाळा येत नाही. याउलट पडद्यावर क्षणभर चिन्ह चमकते आणि तेवढ्यात बटण दाबले नाही तर फटका बसतो, असा प्रकार मला मुळीच आवडत नाही. मला तो अजिबात जमत नाही असे नाही, पण त्यात माझे मन रमत नाही.

लहानपणापासून पोकेमॉनचे बरेच भाग खेळले आहे आणि ‘फायनल फँटसी टेन’ हा माझा सर्वांत आवडता गेम आहे. अलीकडे मात्र ‘टर्न-बेस्ड’ असे वर्णन वाचून घेतलेल्या एका गेममध्ये शत्रूच्या प्रत्येक हल्ल्याला वेळ साधून चुकवावे लागत होते, म्हणून मी तो सोडून दिला. माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप आणि एक कंट्रोलर आहे. विकत घेण्यापूर्वी नेमके काय पाहावे आणि माझ्यासारखीला कोणते गेम मानवतील, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_खेळाडू

आपण उगाच फार विचार करत आहात असे मला वाटते. स्टीमवर ‘टर्न-बेस्ड’ हा टॅग असेल तर गेम तुमच्या कामाचा आहे असे समजावे. एखादा अपवाद निघाला म्हणून सगळ्यांवर शंका घेऊ नये. आणि ‘टेन’ आवडला असेल तर त्याच मालिकेतील जुने भाग, म्हणजे चारपासून नऊपर्यंतचे, डोळे झाकून घ्या. त्यांत लढाईचा वेग ‘वेट’ या पर्यायावर ठेवला की तुम्ही ठरवेपर्यंत सगळे थांबून राहते.

कोरीगड

जुना_खेळाडू यांचा ‘वेट’ वापरण्याचा सल्ला योग्य आहे, पण त्या पर्यायाने सगळे थांबते हे खरे नाही. चार ते नऊ या भागांमध्ये प्रत्येक पात्राची एक पट्टी सतत भरत असते आणि ती भरली की त्याची पाळी येते. ‘वेट’ निवडल्यावर काळ थांबतो तो जादूची किंवा वस्तूंची आतली यादी उघडल्यावर. समोर नुसती मुख्य आज्ञांची यादी असेल आणि तुम्ही विचार करत बसलात, तर शत्रूच्या पट्ट्या भरतच राहतात आणि तो तुमच्या विचारांच्या मध्येच घाव घालतो. त्यामुळे हे भाग खेळायचेच असतील तर पाळी आली की लगेच वस्तूंची यादी उघडावी, त्या थांबलेल्या वेळात काय करायचे ते ठरवावे आणि मग यादी बंद करून आज्ञा द्यावी. सेटिंगमध्ये लढाईचा वेग सर्वांत मंद करण्याचीही सोय असते. या दोन्ही उपायांनी ताण बराच कमी होतो, पण ‘टेन’मध्ये मिळतो तसा निवांतपणा येत नाही.

आता रेवातीर यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. स्टीमवरचे टॅग मुख्यतः खेळणारे लोकच लावतात आणि त्यांतून एवढेच कळते की आज्ञा पाळीपाळीने दिल्या जातात. तुम्हाला जे हवे आहे ते त्या शब्दात मावत नाही. गेममध्ये घड्याळ चार ठिकाणी चालू शकते: तुम्ही आज्ञा निवडत असताना, तुमचा वार पडत असताना, शत्रूचा वार येत असताना आणि लढाईच्या बाहेर. या चारही ठिकाणी घड्याळ चालते का, आणि चालत असल्यास त्याकडे दुर्लक्ष केल्यास किती नुकसान होते, हे प्रत्येक गेमबाबत वेगवेगळे विचारावे लागते.

तुमच्या आवडत्या ‘टेन’वरच हे लावून पाहू, कारण तो २००१ सालचा गेम तुम्हाला पूर्ण माहीत आहे. आज्ञा निवडताना घड्याळ नाही. उजव्या बाजूला पुढच्या पाळ्यांचा क्रम दिसतो, एखाद्या आज्ञेवर नुसते थांबले तरी तो क्रम कसा बदलेल हे कळते, आणि सात पात्रांपैकी कोणालाही लढाईच्या मध्यात बदलता येते. शत्रूचा वार येताना काहीच करायचे नसते. तुमचा वार पडताना मात्र ‘ओव्हरड्राइव्ह’मध्ये घड्याळ आहे: टीडसला सरकती खूण पट्टीच्या मध्यभागी थांबवावी लागते, ऑरनसाठी ठरावीक वेळात बटणांची मालिका दाबावी लागते, लूलूसाठी कंट्रोलरची दांडी गरगर फिरवावी लागते आणि वाक्काची चक्रे थांबवावी लागतात. पण खूण चुकली तरी टीडसचा वार होतोच, फक्त कमी जोराचा होतो. शिवाय यूना, किमारी आणि रिक्कू यांच्या ओव्हरड्राइव्हमध्ये वेळ साधण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे तुम्ही नकळत असा गेम आवडीने खेळलात ज्यात चपळाई आहे, पण तिची किंमत नगण्य आहे.

लढाईच्या बाहेरही तेथे बरेच काही आहे. थंडर प्लेन्समध्ये सलग २०० वेळा वीज चुकवणे, चोकोबोच्या शर्यतीत शून्य वेळ नोंदवणे, मॅकलानियाच्या अरण्यातील फुलपाखरे पकडणे, हे सगळे केवळ काही पात्रांच्या सर्वोच्च शस्त्रांसाठी लागते आणि कथा पूर्ण करायला त्यातले काहीच आवश्यक नाही. शेवटाकडे दहा स्फटिक गोळा करताना वर उसळणारे खांब चुकवायचे असतात, ते टाळता येत नाही. पण खांब लागला तर फक्त एक नेहमीची लढाई सुरू होते.

म्हणून तुमची खरी अट मी अशी मांडीन: शत्रूचा वार येताना घड्याळ नको, आणि बाकी ठिकाणी असले तर त्याचे नुकसान किरकोळ असावे. ही अट बरोबर आहे का, ते सांगावे.

रेवातीर

कोरीगड, आपण माझी अट माझ्यापेक्षा स्पष्ट मांडली आहे. विजा चुकवण्याचा प्रयत्न मी केला होता आणि लवकरच सोडून दिला होता, पण त्यामुळे गेमबद्दलचे माझे मत कधी बिघडले नाही. ऑरनचा ओव्हरड्राइव्ह मी फारसा वापरत नसे, त्याचे कारण आता लक्षात येते.

समीर_टोरांटो

मी थोडा वेगळा पर्याय सुचवतो. ‘फायनल फँटसी सिक्स्टीन’मध्ये लढाई वेगवान असली तरी सुरुवातीपासून काही अंगठ्या मिळतात. त्यांतील एक अंगठी घातली की आपले पात्र बहुतेक हल्ले आपोआप चुकवते, आणि दुसरी घातली की चुकवण्याच्या क्षणी काळ मंदावतो. माझ्या वडिलांनी या आधारावर तो गेम पूर्ण केला. त्यामुळे चपळाई नसली तरी काही अडत नाही.

रेवातीर

समीर, माहितीबद्दल आभार. तुमच्या वडिलांना त्याचा उपयोग झाला हे वाचून आनंद वाटला. माझी अडचण मात्र वेगळी आहे. चुकवण्याचे काम गेमनेच केले तर माझ्या हाती विचार करण्यासारखे काही उरत नाही. मला परीक्षा हवीच आहे, पण ती निर्णयाची असावी, बोटांची नसावी. लढाई सोपी करून हवी, असे मला म्हणायचे नव्हते.

निशिगंध

माझा प्रश्न थोडा निराळा आहे, पण याच धाग्यात बसेल असे वाटते. मला संधिवात आहे आणि बोटांचे सांधे सकाळी फार आखडलेले असतात. माझ्या अनुभवात क्षण साधण्यापेक्षा एकच बटण भराभर दाबत राहणे किंवा दाबून धरणे अधिक त्रासाचे ठरते. वर लूलूचा उल्लेख आला; तिची दांडी फिरवणे मला अशक्य आहे, पण टीडसची खूण एका दाबाने थांबवणे बहुतेक वेळा जमते. रेवातीर यांच्यासाठी जो गेम अयोग्य ठरेल तो मला चालू शकतो आणि उलटही घडू शकते. पूर्णपणे माउसवर चालणारे, म्हणजे एका हाताने खेळता येतील असे गेम कोणी सांगू शकेल का?

कोरीगड

निशिगंध, आपण केलेला फरक फार महत्त्वाचा आहे. सेटिंगमध्ये हे पर्यायही अनेकदा वेगवेगळे असतात: बटण भराभर दाबण्याऐवजी धरून ठेवणे हा एक, आणि क्षण साधण्याचे काम आपोआप करणे हा दुसरा. एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही. माउसवर चालणाऱ्यांमध्ये ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन टू’ (२०१७) आणि ‘बाल्डर्स गेट थ्री’ (२०२३) बहुतांशी एका हाताने खेळता येतात, कॅमेरा फिरवण्यासाठी माउसचे मधले बटण धरावे लागते, ते जड जात असेल तर कळफलकावरच्या कळा वापरता येतात. लढाई मुळीच नसलेला आणि फाशांवर चालणारा ‘डिस्को एलिसियम’ (२०१९) तर केवळ क्लिक करून पूर्ण होतो.

अरुंधती_पुणे

रेवातीर यांना मी ‘ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस’ आग्रहाने सुचवीन. आज्ञा देताना, वार करताना आणि वार झेलताना, तिन्ही वेळी घड्याळ नाही. फक्त दोन गोष्टींमुळे नवा माणूस गोंधळतो, त्या आधीच सांगते.

पहिली अशी की लढाईत पात्रांना मैदानात मोकळे फिरवता येते, आणि ते पाहून अनेकांना वाटते की शत्रूच्या वाराच्या वेळी बाजूला सरकले तर तो चुकेल. तसे काही होत नाही. ते फिरणे केवळ पाहण्यापुरते आहे आणि सेटिंगमधून जुन्या पद्धतीचा स्थिर कॅमेरा निवडला की तो भ्रमही संपतो. दुसरी गोष्ट अशी की सोबत्यांच्या डावपेचांसाठी पर्याय असतात, आणि त्यांना स्वतःच्या बुद्धीने लढू दिले तर आपल्याला ठरवायला फार थोडे उरते. प्रत्येकाला ‘फॉलो ऑर्डर्स’ लावले म्हणजे सगळे निर्णय आपल्या हाती येतात. सुरुवातीच्या लढाया सोप्या वाटतात, म्हणून नवा खेळ सुरू करतानाच ‘ड्रॅकोनियन क्वेस्ट’मधील शत्रू बळकट करणारा पर्याय निवडावा. रेवातीर यांना निर्णयाची परीक्षा हवी आहे, ती त्यातून नीट मिळते.

शस्त्रे घडवण्याची भट्टीसुद्धा याच वृत्तीची आहे. हातोड्याचा प्रत्येक घाव कोठे आणि किती जोराने घालायचा हे एकाग्रतेचे गुण खर्चून ठरवायचे असते आणि त्यात कसलीही घाई नाही. वाळवंटातील गॅलोपोलिस नगरीत कथेचा भाग म्हणून घोड्यांची एक शर्यत मात्र येते, तेवढी मनाची तयारी ठेवावी.

या गेमचा विनामूल्य डेमो जवळजवळ दहा तासांचा आहे आणि त्यातील प्रगती पुढे पूर्ण गेममध्ये नेता येते, त्यामुळे पैसे खर्च करण्यापूर्वीच निर्णय घेता येईल.

जुना_खेळाडू

‘वेट’बद्दलची दुरुस्ती मान्य आहे. मी काल ‘सेव्हन’ उघडून पाहिला आणि कोरीगड सांगतात तसेच घडले. तरी माझे एक म्हणणे उरते. ‘बाल्डर्स गेट थ्री’ला आपण घड्याळ नसलेला गेम कसे म्हणता? त्यात पाण्याखालच्या तुरुंगातून कैद्यांना सोडवताना मोजक्याच पाळ्या मिळतात. तो ताण मला कोणत्याही बटणापेक्षा जास्त वाटला.

कोरीगड

तो प्रसंग कठीण आहे यात वाद नाही, पण त्यात पाळ्या मोजल्या जातात, सेकंद नव्हेत. प्रत्येक पाळीत तुम्ही तासभर विचार करू शकता. कोणाला आधी सोडवायचे, कोणाच्या पायात वेग भरायचा, कोणती जादू जपून ठेवायची, हा सगळा हिशोब रेवातीर यांना आवडतो त्याच जातीचा आहे. ‘पर्सोना फाइव्ह रॉयल’मध्ये दिनदर्शिकेवर मुदत असते, तिलाही मी याच बाजूला ठेवतो. काही लोकांना कोणतीही मुदत त्रासदायक वाटते, त्यांच्यासाठी अर्थात हा विचार वेगळा होईल.

‘बाल्डर्स गेट थ्री’ची एक सोय येथे सांगायलाच हवी. लढाई नसतानाही `Shift` + `Space` दाबून सगळे जग पाळ्यांमध्ये बांधता येते, आणि मग प्रत्येक पाळी गेममधील सहा सेकंदांची होते. जळत्या इमारतीत शिरताना किंवा सापळ्यांनी भरलेल्या खोलीतून जाताना हे केले की पळापळ उरत नाही. शत्रूच्या पाळीत वापरायच्या प्रतिक्रिया प्रत्येक वेळी विचारून घेण्याचा पर्याय आहे. तो लावला तर गेम थांबून तुमच्या उत्तराची वाट पाहतो. चारपैकी चौथ्या ठिकाणचे घड्याळ, म्हणजे लढाईबाहेरचे, खेळाडूच्या हाती देणारे गेम फार थोडे आहेत. हा त्यांपैकी एक आहे आणि म्हणून मला तो प्रिय आहे.

रेवातीर

मग ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ किंवा ‘पाथफाइंडर’ यांच्याबद्दल काय मत आहे? त्यांत टर्न-बेस्ड पद्धत निवडता येते असे ऐकले आहे.

कोरीगड

निवडता येते, पण ते गेम मुळात चालत्या लढाईला विराम देऊन आज्ञा देण्याच्या पद्धतीसाठी रचले गेले. ‘पिलर्स ऑफ इटर्निटी टू: डेडफायर’मध्ये टर्न-बेस्ड पद्धत गेम प्रसिद्ध झाल्यावर, २०१९ मध्ये आली, आणि ती नवा खेळ सुरू करतानाच निवडावी लागते. ‘पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइटियस’मध्ये ती केव्हाही चालू किंवा बंद करता येते. चपळाईच्या दृष्टीने दोन्ही सुरक्षित आहेत. अडचण निराळी येते: किरकोळ शत्रूंच्या टोळ्या भराभर आटोपतील या हिशोबाने ठिकठिकाणी पेरलेल्या असल्यामुळे, प्रत्येक टोळीशी पाळीपाळीने लढताना एकेक गुहा फार लांबते. ‘रॅथ’मध्ये लहान लढाया चालत्या ठेवून मोठ्या तेवढ्या पाळ्यांत खेळणे हा त्यावर चांगला मार्ग आहे. पण त्याचे नियम शिकण्यातच बरेच दिवस जातात, म्हणून पहिली निवड म्हणून मी तो सुचवणार नाही.

समीर_टोरांटो

आता मला प्रश्न नीट समजला. मग ‘एक्स्पिडिशन ३३’ तर या यादीतून बादच करायला हवा ना? २०२५ मध्ये सगळीकडे त्याचेच नाव होते आणि सगळे त्याला टर्न-बेस्डच म्हणत होते.

कोरीगड

तो टर्न-बेस्ड आहेच. आज्ञा निवडताना घड्याळ नाही, आणि स्वतःच्या कौशल्यांच्या वेळी येणारी बटणे आपोआप दाबली जाण्याचा पर्यायही सेटिंगमध्ये आहे. परंतु शत्रूचा वार चुकवणे किंवा अडवणे या पर्यायात येत नाही, आणि लढाईचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे, कारण वार अडवल्यास प्रतिहल्ला मिळतो आणि कौशल्यांसाठी लागणारे गुणही मिळतात. ‘स्टोरी’ या सर्वांत सोप्या पातळीवर ती वेळ साधण्याची मुभा वाढते आणि नुकसान घटते. रेवातीर यांच्या अटीवर तो मी नाकारीन.

अरुंधती_पुणे

येथे माझे मत वेगळे आहे. ‘स्टोरी’ पातळीवर मी वार अडवण्याचा प्रयत्न जवळजवळ केलाच नाही. आरोग्य आणि संरक्षण वाढवणारी ‘पिक्टो’ निवडली, एक पात्र सतत सावरण्याच्या कामाला लावले आणि कथेच्या शेवटापर्यंत पोहोचले. काही लढाया पुन्हा कराव्या लागल्या, पण त्या आखणी बदलून जिंकल्या, बोटांचा वेग वाढवून नव्हे. किनाऱ्यांवरच्या उड्यांचे खेळ मी सरळ सोडून दिले, कथेला त्यांची गरज नाही.

कोरीगड

आपला अनुभव मी नाकारत नाही. तरी असे खेळताना गेम प्रत्येक हल्ल्याच्या वेळी तुमच्याकडून जे मागत असतो ते तुम्ही देत नाही, ही जाणीव सतत राहते. ती कोणाला खुपेल, कोणाला नाही. ‘सी ऑफ स्टार्स’ (२०२३) मध्ये मला ही जाणीव कमी झाली. तेथेही वार करताना आणि झेलताना वेळ साधण्याची सोय आहे, पण न साधता सुद्धा शत्रूच्या डोक्यावरची चिन्हे योग्य प्रकारच्या वारांनी फोडून त्याची मोठी खेळी रोखता येते. चंद्राचे चक्र परतवत राहण्याचे एक कौशल्य मात्र सर्वस्वी वेळेवर अवलंबून आहे.

निशिगंध

विकत घेण्यापूर्वी हे सगळे ओळखायचे कसे? प्रत्येक वेळी येथे धागा काढणे शक्य नाही.

कोरीगड

मी एखाद्या साध्या, मधल्या टप्प्यातील लढाईचे चित्रण पाहतो. प्रसिद्धीसाठीची झलक किंवा शेवटच्या राक्षसाची लढाई यांचा उपयोग होत नाही. शत्रू वार करत असताना पडद्यावर बटणाचे चिन्ह, आकुंचन पावणारे वर्तुळ किंवा क्षणिक चमक दिसते का, एवढेच पाहायचे. त्यानंतर सेटिंगच्या यादीचे चित्र शोधायचे. तेथे वेळ साधण्याबद्दल एखादा पर्याय दिसला तर त्याचाच अर्थ गेममध्ये तसा प्रकार आहे, आणि तो पर्याय केवळ आपल्या वाराला लागू आहे की शत्रूच्या वारालाही, हे तपासायचे.

मालिकेच्या नावावर विसंबू नये. पोकेमॉनचे मुख्य भाग आजही निवांत आहेत, पण ‘लेजंड्स: आर्सियस’मध्ये काही बलाढ्य शत्रूंचे हल्ले धावत चुकवावे लागतात आणि ‘लेजंड्स: झेड-ए’मध्ये लढाईच चालत्या काळात होते.

एवढे करूनही शंका उरली तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. बहुतेक गेममध्ये लढाईची मूळ पद्धत तेवढ्या वेळात उघड होते. ‘एक्स्पिडिशन ३३’मध्ये तर पहिल्याच नगरातील सरावाच्या द्वंद्वात होते. कथेत खूप पुढे येणारी शर्यत किंवा पाठलाग मात्र या मुदतीत कळत नाही.

रेवातीर

‘ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस’चा डेमो उतरवून घेतला आहे. शत्रू बळकट करणारा पर्याय लावला आणि सोबत्यांना ‘फॉलो ऑर्डर्स’ दिले. सुरुवातीच्या एका लढाईत दोनदा हरले आणि तिसऱ्या वेळी एरिकच्या झोपवणाऱ्या वाराने आधी शत्रूला निजवून मग बेत आखला, तेव्हा जिंकले. मला नेमके हेच हवे होते. त्यानंतर ‘बाल्डर्स गेट थ्री’ घेईन. अरुंधती, गॅलोपोलिसची शर्यत हरले तर कथा पुढे सरकते का, की ती जिंकेपर्यंत पुन्हा पुन्हा धावावे लागते?

अरुंधती_पुणे

मी पहिल्याच प्रयत्नात जिंकले होते, त्यामुळे मला ते अनुभवाने सांगता येणार नाही. येथे कोणी हरले असल्यास कृपया लिहावे.